कव्हर ड्राइव्ह: आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

जूनमध्ये ठरवलं की वयाच्या चौतिसाव्या वर्षी का होईना, कव्हर ड्राइव्ह पायापासून नव्याने शिकायचा. आता जानेवारी संपतोय. आठवड्यातून तीन सकाळी नेट, रविवारी लेदर बॉलची मॅच, आणि दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रण असा हा क्रम चालला. मी उजव्या हाताने खेळतो, चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतो. इतक्या दिवसांत हातात काय आलं आणि काय अजून सुटतंय, ते तपशिलात लिहितोय, कारण सुरुवातीचे चार महिने मी एका चुकीच्या समजुतीत घालवले. तसंच कुणाचं होत असेल तर त्याचे ते दिवस वाचावेत.

ती समजूत अशी: ड्राइव्ह म्हणजे पुढचा पाय लांब टाकणं. लहानपणापासून मैदानावर एकच ओरड कानावर पडलेली, "पाय काढ, पाय काढ!" म्हणून मी पाय काढत होतो. जितका लांब तितका चांगला, असं मानून. नेटमध्ये फटके बरे लागायचे, कारण तिथे चेंडू हवेत गेला तरी जाळीत अडकतो आणि आपल्याला वाटतं, खणखणीत चौकार होता.

ऑक्टोबरमधल्या एका मॅचमध्ये हिशेब लागला. मी बावीसवर होतो. मध्यमगती गोलंदाज, चेंडू थोडा जुना, ऑफ स्टंपच्या वीतभर बाहेर जवळजवळ हाफ व्हॉली. ड्राइव्हसाठी याहून चांगला चेंडू मिळत नाही. मी मारला आणि एक्स्ट्रा कव्हरच्या हातात अलगद झेल गेला. पॉइंटच्या बाजूला सीमारेषेवर बसलेला आमचा एक खेळाडू नेमकं चित्रण करत होता. संध्याकाळी ते एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं तेव्हा चूक स्पष्ट दिसली. चेंडू टप्प्यावर यायच्या आधीच माझा पाय पडला होता, तोही टाचेवर, चवडा वर उचललेला. गुडघा सरळ. डोकं गुडघ्याच्या बरंच मागे, जवळजवळ दोन पायांच्या मध्यावर. तिथून चेंडूपर्यंत पोचायला हातच पुढे फेकावे लागले, त्यामुळे बॅट चेंडूला बुटाच्या टोकापुढे फूटभर अंतरावर भेटली. तिथवर आलेली बॅट वरच्या दिशेने निघालेली असते. चेंडू उडणारच.

आमच्या सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "पाय विसर. डोकं ने, पाय आपोआप येईल." मला हे तेव्हा नुसतं वाक्य वाटलं. त्यांनी बॅट बाजूला ठेवायला लावली. स्टान्समध्ये उभं राहायचं, पाय न हलवता डोकं आणि डावा खांदा एक्स्ट्रा कव्हरच्या दिशेने झुकवत जायचं. एका क्षणी तोल जातो आणि पडू नये म्हणून डावा पाय स्वतःहून पुढे पडतो. हाच खरा स्ट्राइड. त्याची लांबी आपण ठरवत नाही, डोकं किती पुढे गेलं त्यावर ती ठरते. खडूने खुणा करून मोजलं तर स्टान्सपासून माझा पाय आधी जवळजवळ तीन फूट पुढे पडत होता. या पद्धतीने तो सव्वादोन फुटांवर येऊन थांबला. पाऊल छोटं झालं, पण चेंडूपर्यंतची माझी पोच वाढली, कारण आता अख्खं शरीर पुढे गेलेलं होतं. आधी एकटा पाय जायचा.

पाऊल नीट पडलं की नाही, हे ओळखायची खूण मला गुडघ्यात सापडली. गुडघा वाकून बुटाच्या टोकाच्या वर यायला हवा आणि पूर्ण तळवा जमिनीला टेकायला हवा. टाच आधी टेकून चवडा वर राहिला, तर वजन मागे आहे हे नक्की. मागच्या पायाची टाच उचललेली आणि नुसता चवडा टेकलेला हवा. तिथे टाच टेकली असेल, तर तुम्ही पुढे गेलेलेच नाही.

बुटाच्या दिशेवर मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पंजा सरळ गोलंदाजाकडे ठेवला की कंबर आणि छाती उघडते, बॅट आडवी फिरते आणि चेंडू मिडऑनकडे ओढला जातो. पंजा पूर्ण पॉइंटकडे वळवला तर गुडघा चेंडूच्या रेषेत वाकतच नाही, कंबर अडकते. मला एक्स्ट्रा कव्हर आणि मिडऑफच्या मधली दिशा मानवली. पाय टप्प्याजवळ पडावा, पण चेंडूच्या रेषेच्या किंचित आत, बॅट मोकळी खाली यायला जागा राहील इतका. ही जागा फार झाली की आत येणारा चेंडू बॅट आणि पॅडच्या मधून स्टंपवर जातो. डिसेंबरमध्ये मी दोनदा असाच त्रिफळाचीत झालो. दोन्ही वेळा पाय सरळ पुढे गेला होता, चेंडूकडे गेला नव्हता.

आता डोक्याबद्दल, कारण या आठ महिन्यांत मला कळलेलं सगळं इथेच येऊन मिळतं. "डोकं चेंडूवर" याचा अर्थ मी मान खाली घालणं असा घेतला होता. तसं केलं की खांदे गोल होतात आणि उंचीचा अंदाज चुकतो. योग्य अर्थ असा की बॅट चेंडूला भिडते त्या क्षणी डोकं वाकलेल्या गुडघ्याच्या वर असावं, दोन्ही डोळे आडव्या समान रेषेत असावेत, आणि चेंडू त्या डोळ्यांखाली, बुटाच्या टोकाच्या आसपास भेटावा. तसा भेटला की चेंडू जमिनीलगत जातो, मग जोर कमी लागला तरी चालतं. त्यासाठी चेंडू येऊ द्यावा लागतो. मैदानी भाषेत याला "लेट खेळ" म्हणतात. मी घाईने खेळत होतो, म्हणून चेंडू पुढेच भेटत होता.

दुसरी चूक याच्या उलटी आहे. पुढे जाण्याच्या नादात डोकं ऑफच्या बाजूला कलतं. चेंडू बाहेरचा असतो, डोकं त्याच्या मागे धावतं आणि डोळ्यांची रेषा तिरकी होते. मग सरळ आलेला चेंडू लेगकडे खेळायला बॅट पॅडला वळसा घालून येते आणि पायचीत व्हायची वेळ येते. बाजूच्या चित्रणात हे दिसत नाही. त्यासाठी मोबाइल गोलंदाजाच्या मागे लावावा लागतो. मी बराच काळ फक्त बाजूने चित्रण घेत राहिलो, हेही चुकलंच.

सरावाचा जो भाग सगळ्यात उपयोगी पडला, तो साधा होता. सर माझ्यापासून चार मीटरवर, थोडे ऑफच्या बाजूला एका गुडघ्यावर बसायचे आणि हाताखालून चेंडू टप्पा देऊन टाकायचे. रोज तीस चेंडू. वेग नसल्यामुळे हात फेकायची सोय नाही. डोकं पुढे नेऊन वाट पाहिली तरच चेंडू बॅटच्या मध्यावर लागतो. मग दहा मीटरवरून थ्रोडाऊन, आणि त्यानंतर गोलंदाज. जोर वरच्या हाताचा. उजवा हात इतका हलका धरायचा की फक्त अंगठा आणि पहिली दोन बोटं काम करतात. उजवी मूठ आवळली की बॅटचा चेहरा वळतो, चेंडू मिडऑनला जातो किंवा हवेत.

फटक्यानंतरचा तोल ही सजावट नाही, हे मला नोव्हेंबरमध्ये समजलं. सर प्रत्येक ड्राइव्हनंतर दोन आकडे मोजायला लावायचे आणि तोवर हलायचं नाही. डावं कोपर वर, बॅटचा चेहरा चेंडू गेला त्या दिशेला, उजवा खांदा हनुवटीखाली, मागच्या पायाचा फक्त चवडा टेकलेला. अशा स्थितीत मागचा पाय अलगद उचलला तरी माणूस पडू नये. तो पडतो तेव्हा कुठे पडतो, ते पाहायचं. ऑफकडे झोकांडी गेली तर डोकं बाहेर कललं होतं. मागे रेललो तर पाऊल लांब पडलं होतं. अंग लेगकडे फिरलं तर खालच्या हाताने जोर लावला होता. चित्रण पाहायच्या आधीच चूक कळते. आज मला नेटमध्ये चेंडू कुठे गेला याहून मी कुठे थांबलो, हे जास्त सांगून जातं.

मर्यादाही सांगायलाच हव्यात. मॅटिंगवर चेंडू उसळतो, त्यामुळे टर्फवर हाफ व्हॉली वाटणारा चेंडू तिथे बॅटच्या वरच्या भागाला लागतो. मॅटिंगवर मी अगदी पुढचा चेंडूच ड्राइव्ह करतो. पावसाळ्यातल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो. मुंबईची कांगा लीग 1948 पासून पावसाळ्यात खेळली जाते. तिथे खेळलेले लोक ओल्या विकेटवर ड्राइव्हची घाई करू नको म्हणतात, ते याच कारणाने. नवा चेंडू बाहेर जात असेल, तर तंत्र कितीही बरोबर असलं तरी कट लागून स्लिपमध्ये जायचा धोका उरतोच. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीला दहा डावांत 134 धावा करता आल्या. बाहेर जाणारे चेंडू त्याला सतत सतावत होते. 2018 मध्ये त्याच देशात त्याने 593 धावा केल्या. आणि जानेवारी 2004 मध्ये सिडनीला सचिनने नाबाद 241 केले, 436 चेंडू खेळून, ते हाच फटका जवळजवळ बंद ठेवून. त्या मालिकेत आधी ऑफच्या बाहेर खेळताना तो बाद होत होता. फटका येत असूनही तो न मारण्याचा तो निर्णय होता. म्हणून मी आता डावाचे पहिले पंधरा-वीस चेंडू ड्राइव्ह करत नाही, अगदी पायाशी आलेला असेल तरच.

मागच्या रविवारी मी एकोणचाळीस केले. त्यात कव्हरमधून तीन चौकार होते, तिन्ही जमिनीवरून. चौथा ड्राइव्ह डावखुऱ्या गोलंदाजाला मारला आणि गल्लीत झेल दिला. ओव्हर द विकेट येणाऱ्या डावखुऱ्याचा चेंडू तिरका बाहेर निघतो. पाय बरोबर पडला तरी चेंडू डोळ्यांखालून पुढे सरकतो, आणि डोकं पुन्हा त्याच्या मागे जातं. या कोनाला मी अजून ड्राइव्ह करू शकत नाही. सध्या सर ऑफच्या उलट बाजूने, लेग स्टंपच्या बाहेरून थ्रोडाऊन देतात, आणि त्यातले निम्मे मी सोडतो.