एफडी, पीपीएफ की इंडेक्स फंड? चार लाख तेच, माणसं दोन

"थोडे पैसे साठलेत, कुठे टाकू? रिटर्न बरे हवेत आणि रिस्क नको." गुंतवणुकीचा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो, आणि समोरचा लगेच उत्तर देऊन मोकळा होतो, कोणी म्हणतं एफडी कर, कोणी म्हणतं निफ्टीचा इंडेक्स फंड घे आणि विसरून जा, कोणी सोनं. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात किंवा तिघंही साफ चूक, कारण पैसे कधी लागणार, आधीचं काय आहे, किती खाली गेलेलं बघवेल आणि रक्कम किती, यातलं काहीच कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून दोन माणसं समोरासमोर ठेवतो, दोघांकडे चार-चार लाख. एक ऐरोलीतल्या आयटी कंपनीतला तिशीचा मुलगा, त्याला दोन वर्षांत घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचाय. दुसरी कळव्याच्या ताई, शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत, पैसे तिच्या कॉलेजसाठी, म्हणजे साधारण दहा वर्षांनी. दोघांचा प्रश्न शब्दाला शब्द सारखा, उत्तर मात्र जवळजवळ उलटं.

आधी मुलाचं बघू. एफडीला हिशोबापुरते साडेसहा टक्के धरले तर दोन वर्षांनी चार लाखाचे साधारण 4 लाख 55 हजार होतात. तो 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे, म्हणजे वरच्या 55 हजारातले 11 हजारांच्या आसपास टॅक्सला जाणार. इथे बरेच जण फसतात, वर्षाचं व्याज 50 हजाराच्या आत असलं की बँक टीडीएस कापत नाही, मग लोकांना वाटतं टॅक्सच नाही. तसं नसतं, रिटर्नमध्ये ते व्याज दाखवावंच लागतं. म्हणजे हातात 4 लाख 43-44 हजार. फार भारी नाही, मान्य. आता मनासारखा फ्लॅट वर्षभरातच मिळाला आणि एफडी मोडायची वेळ आली तर काय? बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावते आणि बहुतेक ठिकाणी त्यातून अर्धा ते एक टक्का दंड कापते. चार लाखावर हे नुकसान पाच-सहा हजारांच्या घरात बसतं, मुद्दलाला हात लागत नाही. एफडीतलं वाईटात वाईट ते एवढंच.

आता तेच चार लाख इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात टाकले असं समजा, आणि वाईटात वाईट बघायला कल्पना करायची गरज नाही, 2020 आहेच. 14 जानेवारीला निफ्टी 12,362 ला बंद झाला आणि 23 मार्चला 7,610. जानेवारीत टाकलेले चार लाख मार्चमध्ये अडीच लाखाच्याही खाली. नोव्हेंबरपर्यंत सगळं भरून निघालं हे खरं, पण ते ज्याला नोव्हेंबरपर्यंत थांबता आलं त्याच्यासाठी. ज्याला एप्रिलमध्ये बिल्डरला चेक द्यायचा होता त्याने दीड लाख कायमचे घालवले. आणि दरवेळी दहा महिन्यांत भरून निघतं असंही नाही, जानेवारी 2008 मध्ये निफ्टी 6,300 च्या जवळ होता, ऑक्टोबरला अडीच हजारांवर आला, 2010 च्या दिवाळीला एकदा वर डोकावून परत घसरला आणि त्या पातळीच्या वर नीट टिकायला 2013 संपत आलं. जवळजवळ सहा वर्षं.

म्हणून माझं मत सरळ आहे, तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात नको, फंड कितीही चांगला असो, जास्तीच्या चार-पाच टक्क्यांच्या आशेवर घराचं डाउन पेमेंट पणाला लावण्यात काही अर्थ नाही. पीपीएफ तर मुलासाठी प्रश्नच नाही, पंधरा वर्षांचं खातं, थोडे पैसे काढायची मुभासुद्धा सातव्या आर्थिक वर्षापासून.

ताईंकडे आलो की चित्र पालटतं. त्यांचं उत्पन्न वर्षाला 12 लाखाच्या आत आहे, नवीन टॅक्स सिस्टीममध्ये आहेत, म्हणजे एफडीच्या व्याजावर सध्या टॅक्स शून्य. चार लाख साडेसहाने दहा वर्षं ठेवले तर 7 लाख 60 हजार होतात. ऐकायला छान वाटतं. पण आज ज्या कोर्सला चार लाख लागतात त्याची फी वर्षाला आठ टक्क्यांनी वाढली असं धरलं (हा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमचा धरा) तर दहा वर्षांनी तोच कोर्स 8 लाख 60 हजारांना. म्हणजे एक रुपयाही न बुडता लाखभर कमी पडले. एफडीतली रिस्क ही अशी असते, पासबुकात दिसत नाही म्हणून तिला कोणी रिस्क म्हणत नाही.

इंडेक्स फंडाला दहा टक्के धरू, गॅरंटी कोणीच देणार नाही, नुसतं गणित म्हणून. दहा वर्षांत 10 लाख 37 हजार, आणि सगळे एकदम काढले तर सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के, म्हणजे साधारण 65 हजार टॅक्स, हातात पावणेदहा लाखाच्या आत-बाहेर. एफडीपेक्षा स्पष्ट पुढे. पण आता समजा ॲडमिशनच्या आधी दोन महिने 2020 सारखी पडझड झाली, तर 10 लाख 37 हजाराचे 6 लाख 40 हजार होतात, म्हणजे दहा वर्षं थांबून एफडीच्याही मागे! "लाँग टर्मला शेअर बाजार सेफ असतो" असं जे सर्रास सांगतात त्यातला हा भाग कोणी सांगत नाही, कारण दहा वर्षांच्या गुंतवणुकीचं शेवटचं वर्ष हे एक वर्षाचीच गुंतवणूक असतं. यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे, सातव्या वर्षानंतर दरवर्षी साधारण एक तृतीयांश काढून एफडीत नेत जायचं, बाजार वर असो की खाली. हप्त्याहप्त्याने काढल्यामुळे सव्वा लाखाची सूटही दरवर्षी मिळते, तो वरचा फायदा. हे करायची शिस्त नसेल तर मात्र इंडेक्स फंडाचा आकडा कागदावरच बघा.

आता आधीचं काय आहे ते. लोक हे सांगतच नाहीत, आणि मला विचाराल तर पैसे कधी लागणार याच्या खालोखाल महत्त्वाचं हेच. मुलाला विचारलं तर म्हणाला "सेव्हिंग काहीच नाही", पण त्याच्या पीएफमध्ये सात लाख आहेत, त्यावर 2024-25 ला सव्वाआठ टक्के व्याज मिळालंय, म्हणजे त्याचा लांबचा सेफ पैसा आपोआप जमतोय. दुसरीकडे क्रेडिट कार्डावर 60 हजार थकलेत, मिनिमम ड्यू भरत बसलाय. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, वर्षाला चाळीसच्या आसपास, आणि हा विचारतोय साडेसहा कुठे मिळतील. त्याच्या चार लाखातले पहिले 60 हजार कार्डावर जायला हवेत, यापेक्षा चांगला रिटर्न त्याला कुठलाच फंड देणार नाही. मग लाखभर नोकरी गेली तर म्हणून बचत खात्याला जोडलेल्या एफडीत, आणि उरलेल्या 2 लाख 40 हजारांच्या 60-60 हजारांच्या चार एफडी. चार का, तर टोकन द्यायला 60 हजार लागले तर एकच मोडावी लागते, बाकीच्या तीनचा दर शाबूत राहतो. तसाही 80 लाखाच्या फ्लॅटला ठाण्यात 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार नुसती स्टॅम्प ड्युटीच होते, त्यामुळे हे चार लाख "वाढवून" डाउन पेमेंट होणार नाहीये, ते पगारातूनच साठवावं लागेल, इथे फक्त पैसे जपायचेत.

ताईंचं आधीचं खातं बघितल्यावर तर उत्तरच बदललं. त्यांचं पीपीएफ जून 2018 मध्ये उघडलेलं, वर्षाला 500 रुपये टाकून नुसतं जिवंत ठेवलेलं. पंधरा वर्षं मोजतात ती खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून, म्हणजे ते मार्च 2034 ला मॅच्युअर होतंय, मुलगी तेव्हा अकरावी संपवत असेल. आज नवीन उघडलं असतं तर हे जमलं नसतं. दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे, सरकार दर तिमाहीला तो बघतं त्यामुळे बदलू शकतो, पण व्याज पूर्ण टॅक्स-फ्री. म्हणून ताईंसाठी मी दोन लाख पीपीएफ आणि दोन लाख इंडेक्स फंड असं म्हणेन. पीपीएफची वर्षाची मर्यादा दीड लाख आहे त्यामुळे दोन आर्थिक वर्षांत भरायचे, आणि शक्यतो एप्रिलच्या 5 तारखेच्या आत, कारण महिन्याचं व्याज 5 तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी बॅलन्सवर धरतात, 6 ला भरलं तर तो महिना फुकट.

रिस्क झेपते का हे टक्क्यात विचारून काही कळत नाही. "वीस टक्के खाली गेलं तर चालेल?" म्हटलं की सगळेच हो म्हणतात. रुपयात विचारा: मोबाइलवर दोन लाखाच्या जागी 1 लाख 23 हजार दिसले आणि घरचे रोज विचारायला लागले की काढायचे का, तर काय कराल? ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, दोन लाखाचं बघवेल, चार लाखाचं नाही. निम्मे-निम्मे हे प्रमाण आलं ते त्यातूनच, कुठल्या सूत्रातून नाही.

रक्कम सगळ्यात शेवटी बघायची, चार लाखांचं उत्तर चाळीस हजारांनाही बऱ्यापैकी लागू पडतं. फरक पडतो तो रक्कम मोठी झाली की. बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, आणि सगळ्या शाखा मिळून; नौपाड्याच्या शाखेत चार आणि वाशीच्या शाखेत चार ठेवले तरी कव्हर पाचचंच. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना एक हजार रुपयेच काढता येत होते आणि विमा तेव्हा लाखाचाच होता. सहकारी बँकेला हा विमा असतो, पण पतपेढीला नसतो. शेजारची पतपेढी एक-दोन टक्के जास्त देते म्हणून ताईंच्या मिस्टरांना तिथे ठेवायचे होते, ओळखीचे लोक आहेत म्हणे. ओळख असू दे, बुडाली तर तिथे विम्याचे पैसे द्यायला कोणी येत नाही.