दोन, तीन की पाच? शेल्फवर आणि टीपॉयवर शोपीस मांडायचे तर कोणता आकडा घ्यायचा

"विषम संख्येत ठेवा, उंच-बुटकं मिक्स करा" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ऐकून तीन वस्तू आणून ठेवल्या जातात आणि तरी काहीतरी खटकतंच, कारण तीन कधी, पाच कधी आणि सरळ जोडी ठेवलेली कधी बरी हे कुणी सांगत नाही. म्हणून इथे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघूया. माझं मत आधीच सांगून टाकते, दहातल्या सात-आठ जागांना तीनच घ्या, पण तीन म्हणजे तीन वस्तू नव्हेत, तीन आकार. हा फरक पुढे येतोच.

आधी विषमच का, तर दोन किंवा चार सारख्याशा वस्तू दिसल्या की नजर त्यांच्या जोड्या लावते, मधोमध एक रिकामी फट दिसते आणि नजर तिथेच जाऊन बसते. तीनमध्ये मधली वस्तू असते, जोडी लागत नाही, मग नजर एकीवरून दुसरीवर फिरत राहते. पण हे सगळं चालतं लहान आकड्यांपुरतंच. साधारण चारपर्यंतच्या वस्तू आपण न मोजता एका नजरेत ओळखतो, त्यापुढे मोजावं लागतं, आणि शेल्फकडे बघताना कोणी मोजत बसत नाही. त्यामुळे सात की आठ यावर डोकं खाजवू नका, कुणाला कळणार नाही. खरा निर्णय दोन, तीन आणि पाच यांच्यातच आहे.

आणि नजर वस्तू मोजत नाही, आकार मोजते. आडव्या ठेवलेल्या चार पुस्तकांवर एक वाटी ठेवली तर वस्तू पाच झाल्या पण आकार एकच. ट्रेमध्ये चिकटून ठेवलेल्या तीन मेणबत्त्या म्हणजे लांबून एकच गोष्ट. उलट एखाद्या फुलदाणीतली फांदी लांब बाजूला झुकली असेल तर ती एकटीच दोन आकारांची जागा खाते. "मी तर तीनच ठेवल्यात, तरी गर्दी का वाटतेय" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

आता जोडी. जोडीला लोक उगाच नावं ठेवतात. मधे आरसा, मोठं चित्र किंवा टीव्ही असेल आणि दोन्ही बाजूंना एकसारखे लॅम्प असतील तर ते छानच दिसतं, कारण मधली गोष्ट धरून ते तीनच होतात. अट इतकीच की दोन्ही वस्तू अगदी सारख्या हव्यात आणि मधल्या गोष्टीपासून सारख्या अंतरावर हव्यात, एक जरी बोटभर सरकली तरी दिसतं, म्हणजे जोडी दिसायला सोपी पण सांभाळायला कटकटीची. वेगवेगळ्या दोन वस्तू शेजारी ठेवायच्या असतील तर उंचीत जवळजवळ दुपटीचा फरक ठेवा, नाहीतर त्या एकमेकींशी भांडताना दिसतात. मधे काहीच नसलेल्या मोकळ्या भिंतीपुढे जोडी नको.

तीनकडे येऊ, कारण खरी मजा तिथेच आहे आणि लोक चुकतातही तिथेच. चूक आकड्याची नसते, उंचीची असते. ३० सेमी, २८ सेमी आणि २७ सेमीच्या तीन वस्तू ठेवल्या तर तो फरक मुद्दाम केलेला वाटत नाही, चुकून झालेला वाटतो, सारखं आणायला गेलो आणि मिळालं नाही असं. फरक लांबूनही कळला पाहिजे. मी एक साधं माप वापरते, मधली वस्तू उंच वस्तूच्या पाऊणपट आणि बुटकी मधलीच्या पाऊणपट किंवा त्याहूनही खाली. हे माप माझं नाही, इकेबाना या जपानी पुष्परचनेच्या सोगेत्सू पद्धतीत तीन मुख्य फांद्या साधारण याच हिशोबाने कापतात. म्हणजे उंच ४० सेमी तर मधली ३०, बुटकी २२ च्या आसपास किंवा कमी. टेप घेऊन बसायची गरज नाही, पण दोन वस्तूंच्या डोक्यात तीन-चार बोटांपेक्षा कमी फरक राहिला तर त्यातली एक बदला किंवा तिच्याखाली काहीतरी घाला.

एक खरं उदाहरण घेऊ. माझ्या एका मैत्रिणीचं बुटकं कपाट आहे, १२० सेमी लांब, ३५ सेमी खोल, वरची भिंत मोकळी. त्यावर ठेवायला तिच्याकडे ४० सेमीची फुलदाणी, २५ सेमीची फोटोफ्रेम, २४ सेमीचं मातीचं भांडं आणि ११ सेमीचा लाकडी पक्षी. तिने चारही एका रांगेत सारख्या अंतरावर ठेवले होते, अगदी बसस्टॉपवर उभी असलेली माणसं. फ्रेम आणि भांडं जवळपास एका उंचीचे, म्हणून ते आधी जोडी होत होते आणि फुलदाणी आणि पक्षी उरले दोन टोकांना अनाथ.

आम्ही फ्रेम काढली. भांड्याखाली ६ सेमी जाडीची आडवी पुस्तकं घातली, ते झालं ३० सेमी. आता ४०, ३० आणि ११, पक्षी हिशोबापेक्षा बराच बुटका पण बुटक्याला तेवढी सूट चालते, गोंधळ होतो तो वरच्या दोघांत फरक कमी असला की. मग रांग मोडली. फुलदाणी मागे, भिंतीपासून ३ सेमी सोडून, तिची जाडी १४ सेमी. तिच्या पुढे उजवीकडे पुस्तकं, ती १५ सेमी खोल, म्हणजे पुढे काठाला ३ सेमी उरले, ३५ चा हिशोब बरोबर बसला. पक्षी पुढे डावीकडे. समोरून बघितलं की पुस्तकं आणि पक्षी दोघेही फुलदाणीचा ३-३ सेमी भाग झाकतात. हे झाकणं फार महत्त्वाचं, कारण त्यानेच तीन सुट्या वस्तूंचा एक गट होतो, मधे फट राहिली की पुन्हा बसस्टॉप. पूर्ण गट ४२ सेमी रुंद झाला, म्हणजे कपाटाच्या एक तृतीयांशपेक्षा जरासा जास्त, तो एका बाजूला सरकवला आणि उरलेलं कपाट मोकळं सोडलं. तिला ते मोकळं बघवेना, दोन दिवस ती तिथे काही ना काही ठेवत होती, मग तिचं तिनेच काढलं.

एक गंमत बघा, फुलदाणी डाव्या टोकाला, मग भांडं, मग पक्षी असं लावलं असतं तर उंच, मध्यम, बुटकं अशी पायऱ्यांची उतरण झाली असती आणि नजर घसरून कपाटाखाली गेली असती. उंच वस्तू मधे पण नेमकी मध्यावर नाही, थोडी एका अंगाला, आणि दोन्ही बाजूंच्या वस्तू वेगळ्या उंचीच्या, हे जमलं की झालं.

पाच कधी घ्यायचे, तर जागा खोल असेल तेव्हाच. पाच आकार २५ सेमीच्या फळीवर दोन ओळींत बसत नाहीत, ते रांगेतच येतात, आणि रांगेतले पाच म्हणजे दुकानाचं काउंटर. ३५-४० सेमी खोली असेल तर पाच ठेवा, पण पाच वेगळ्या उंच्या शोधत बसू नका, त्याची हमखास शिडी होते. तीनच पातळ्या पुरतात, एक उंच, दोन मध्यम, दोन बुटक्या, फक्त दोन मध्यम शेजारी येऊ द्यायच्या नाहीत. शिवाय पाचमध्ये काहीतरी समान लागतं, रंग म्हणा, मटेरियल म्हणा. तीन वेगवेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र नांदतात, पाच नांदत नाहीत. आणखी एक, पाचांचा गट करताना मधे जरा जास्त फट राहिली तर तो तीन आणि दोन असा फुटतो, मग दोनवाला भाग जोडी होऊन बसतो. फोनवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा, रंग गेले की गट फुटलाय का आणि कोणाची उंची कोणाशी भिडतेय ते लगेच दिसतं. समोर उभं राहून जे दिसत नाही ते फोटोत दिसतं, का कोण जाणे.

शेल्फच्या कप्प्यात वरची फळी पण चित्रात येते हे विसरू नका. कप्पा ३० सेमी उंच असेल तर सगळ्यात उंच वस्तू २०-२२ सेमीची घ्या, २८ ची घातली तर कोंबल्यासारखी दिसते. तिथे उभ्या पुस्तकांची ओळ हाच एक आकार धरा आणि बाकी दोनच ठेवा, म्हणजे तीन झाले. वरखाली चार कप्पे असतील तर उंच वस्तू एकात डावीकडे, खालच्यात उजवीकडे, आणि एखादा कप्पा नुसता पुस्तकांचा राहू दे.

टीपॉयचं गणित निराळं, कारण तो चारही बाजूंनी आणि वरून बघितला जातो, त्यामुळे मागे-पुढे असं काही नसतंच. तिथे तीन घ्या आणि ट्रेमध्ये ठेवा, उंच वस्तू ट्रेच्या मध्याजवळ, सपाट काहीतरी एका कडेला. फार उंच नको, समोर बसलेल्याचा चेहरा झाकला की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ती उचलून खाली ठेवतं. जेवणाच्या टेबलावर तर मी ३० सेमीच्या वर जातच नाही.

आणि धूळ. हा मुद्दा सुंदर फोटोंमध्ये कधी नसतो पण निर्णय बऱ्याचदा त्याच्यावरच होतो. पुसायला घेतलं की वस्तू उचलल्या जातात आणि परत ठेवताना माणूस नकळत त्या सारख्या अंतरावर रांगेत ठेवतो, मी पण ठेवते, दोन आठवड्यांत तुमचा त्रिकोण सपाट झालेला असतो. तीन असतील तर मिनिटभरात परत जमवता येतं, पाच असतील तर कंटाळा येतो आणि मग ते तसेच राहतात. तरी पाचच हवे असतील तर बुटक्या दोन-तीन वस्तू ट्रेवर ठेवा म्हणजे एकदम उचलल्या जातात, आणि बाकीच्यांसाठी मांडणी पक्की झाली त्या दिवशीचा फोटो फोनमध्ये ठेवा, पुसणाऱ्याला तोच दाखवायचा.