पॉवर बटणातला फिंगरप्रिंट सेन्सर: अकरा महिन्यांनंतर

मी नाशिकला घरून दोन दुकानांचे हिशेब बघते. गेल्या वर्षी जूनअखेर घेतलेल्या लॅपटॉपला पॉवर बटणातच फिंगरप्रिंट सेन्सर आहे, आणि मी उबंटू लिनक्स वापरते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला आलेल्या अडचणी कुठल्याही लॅपटॉपवर येतील अशाच आहेत.

आधी ते चालतं कसं ते सांगते, नाहीतर पुढची रड कळणार नाही. हा सेन्सर बोटाचा फोटो काढत नाही. बटणाच्या आत बारीक धातूच्या पट्ट्यांची जाळी असते, इंचाला साधारण 500, म्हणजे दोन पट्ट्यांत 50 मायक्रॉन. बोट टेकलं की ठशाचा कंगोरा पट्टीच्या अगदी जवळ येतो आणि शेजारची खाच लांब राहते, मध्ये हवा. त्यामुळे प्रत्येक पट्टीवरचा कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, वेगळा येतो आणि त्यातून कंगोऱ्यांचा नकाशा तयार होतो. कंगोरे साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात, तेव्हा नकाशा तसा नीटस निघतो. मग चिप त्यात खुणा शोधते: कुठे रेघ संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कोणत्या दिशेला. त्या खुणांची एकमेकींशी असलेली जागा साठवलेल्या नकाशाशी ताडून गुण दिले जातात. ठरलेल्या गुणांच्या वर गेलं की दार उघडतं. लिनक्सवर जुन्या सेन्सरसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं `bozorth3` हे ताडणीचं सॉफ्टवेअर वापरलं जातं, त्यात 40 किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे बहुधा तेच बोट असं धरतात. माझ्या सेन्सरमध्ये ताडणी चिपच्या आतच होते, त्यामुळे गुण दिसत नाहीत, फक्त हो किंवा नाही.

मेख अशी की बटण जेमतेम बोटाच्या पेराच्या एका तुकड्याएवढं. नोंदणीच्या वेळी ते पुन्हापुन्हा बोट ठेवायला लावतं ते वेगवेगळे तुकडे जोडायला. मी मात्र घाईत दरवेळी मधोमध, एकाच कोनात बोट ठेवलं. तेही जुलैत, पावसाळ्यात, मऊ पडलेल्या हातांनी. त्याची किंमत जानेवारीत मोजली.

सप्टेंबरात किरकोळ प्रकार झाला. गणपतीत मोदकांची उकड मळता मळता फोन आला, बिल बघायचं होतं, हात नुसते पुसले आणि बोट लावलं. लागेना. तुपाचा थर खाचा भरून काढतो आणि कंगोरा-खाच हा फरकच पुसट होतो. वाळलेलं पीठ तर बोटाला सेन्सरपासून उचलूनच धरतं, आणि सेन्सरची नजर काही दहा मायक्रॉनच्याच हिशेबाची, त्यामुळे तेवढंही पुरतं. त्याच कारणाने बटणावर चिकटपट्टी किंवा जाड स्टिकर लावायचा नाही. मशीन बंद करून, चष्म्याच्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून पुसलं, संपलं. थेट फवारा मारू नका, बटणाच्या फटीतून आत जातो.

खरं डोकं खाल्लं ते थंडीने. निफाडकडचा गारवा शहरातही येतो, त्यात भांड्यांचा साबण. सकाळी बोटाची शेंडं पांढुरकी, खरखरीत. टर्मिनलमध्ये बोट नोंदणीशी ताडून बघणारी ही आज्ञा दिली:

```
fprintd-verify -f right-index-finger
```

दहा वेळा लावून बघितलं, तीनदाच जुळलं, बाकी `verify-no-match`. `verify-retry-scan` क्वचित. हा फरक लक्षात घ्या. `retry-scan` म्हणजे नकाशाच नीट निघाला नाही, पुन्हा लावा. `no-match` म्हणजे नकाशा निघाला, पण नोंदणीशी पटला नाही. कोरड्या कातडीत हेच होतं. वरचा मृत थर सुकला की विजेच्या दृष्टीने तो हवेसारखाच वागू लागतो, कंगोरा सलग टेकत नाही, सुटे सुटे ठिपके उमटतात. जिथे रेघ तुटते तिथे चिपला वाटतं की इथे रेघ संपली. खऱ्या खुणा हरवतात आणि खोट्या खुणा जन्माला येतात, गुण कोसळतात.

मी तेव्हा करायचे ते सगळेच करतात तेच: आणखी जोरात दाबणं. चुकीचं. कातडी ताणली जाते, खुणांमधली अंतरं बदलतात. त्यापेक्षा बोटावर तोंडाची वाफ घेतली की पुरतं, किंवा बोट कपाळावरून एकदा फिरवलं. वाफ घेऊन दहापैकी आठ वेळा जुळलं. व्हॅसलीन लावून लगेच बोट ठेवू नका, तो पुन्हा तुपाचाच प्रकार होतो. आमच्या बाबांची बोटं गवंडीकामाने गुळगुळीत झाली आहेत, त्यांचा रेशनच्या दुकानातही अंगठा लागत नाही. तिथे वाफ काही करू शकत नाही, कंगोरेच उरलेले नाहीत.

एप्रिलमध्ये भाच्याने डब्याचं स्टीलचं झाकण कीबोर्डवर पाडलं. वरवर काही दिसलं नाही. त्यानंतर तर्जनी, अंगठा, डावी मधली, सगळीच लागेनात. मला वाटलं पुन्हा कोरडेपणा. पण एप्रिलमध्ये कसला कोरडेपणा, हात घामेजलेले. खूण इथे मिळाली: बोट थोडं वर सरकवून लावलं तर लागायचं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघितलं तर बटणाच्या खालच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ गेलेली, नखाला अडकत होती. वरचं संरक्षक आवरण तडकलं होतं. ती रेघ प्रत्येक नकाशात त्याच जागी येते, कुठल्याही बोटाखाली. चिपला ती कंगोऱ्यासारखीच भासते, आणि एवढ्याशा चौकोनातला तो पट्टाच निरुपयोगी होतो.

एकच बोट लागत नसेल तर बोटाचा दोष, पुसल्यावर सुधारलं तर घाणीचा, आणि सगळी बोटं एकाच जागी अडत असतील तर सेन्सरचा. हे मला दुकानात नेण्याआधी कळायला हवं होतं. तिथल्या माणसाने ड्रायव्हर पुन्हा टाकून दिला आणि 300 रुपये घेतले. मेमधल्या वळवाच्या पावसात हवा दमट झाली, तड्यात ओल शिरली असावी, आणि बोट न लावताच `verify-retry-scan` येऊ लागलं. शेवटी जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या `lsusb` च्या यादीतून सेन्सरच गायब झाला. मग दुसऱ्याकडे बटण केबलसकट बदलून घेतलं, 2,600 रुपये.

नव्या चिपमध्ये जुने ठसे अर्थातच नव्हते, ते जुन्या चिपसोबतच गेले. `fprintd-delete` ने जुन्या नोंदी काढल्या आणि या वेळी बोट वर, खाली, डावी-उजवीकडे कलवून, शेंड्यानेही लावून नोंदणी केली. थंडीसाठी म्हणून तीच तर्जनी दुसऱ्या बोटाच्या नावावर पुन्हा नोंदवायला गेले तर `enroll-duplicate` म्हणून हाकललं. म्हणून डाव्या अनामिकेची नोंद केली, साबण तिला कमी लागतो.

एक जाता जाता: बोटाने लॉगिन केल्यावर उबंटूचा कीरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी, बंदच राहतो आणि वायफाय किंवा ब्राउझरसाठी तो पासवर्ड मागतो. म्हणजे सकाळचा पहिला पासवर्ड टाइप करावाच लागतो, बोट कितीही मऊ असलं तरी.