आठ महिने, तीन फोन, एकच वारली: छापील कव्हरच्या संचाचा अनुभव

घरातल्या तिन्ही फोनना एकाच डिझाइनची कव्हर घ्यायची ही माझ्या मुलीची हौस. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच, मॉडेल कुठलंही असलं तरी चित्र तेच. गेल्या जूनमध्ये मागवली. मुलीचा आयफोन १२, नवऱ्याचा आयफोन १३ आणि माझा गॅलॅक्सी ए५४. प्रत्येकी साडेचारशे रुपये. मी घरून ब्लाउज शिवून विकते आणि सगळ्या मालाचे फोटो याच फोनवर काढते. त्यामुळे मी दिसण्याइतकंच कॅमेऱ्याच्या खाचेकडेही लक्ष दिलं.

आधी आयफोनच्या दोन कव्हरांबद्दल सांगते, कारण त्यांच्याबद्दल तक्रार जवळजवळ नाही. दोन्ही कडक पॉलिकार्बोनेटची आहेत. यांच्यावरची छपाई सब्लिमेशनची, म्हणजे छापलेली फिल्म गरम करून कव्हरवर दाबतात आणि रंग वरच्या थरात मुरतो. नख फिरवलं तर रेषा हाताला लागत नाही. चित्र कडांवरूनही वळलेलं आहे, त्यामुळे बाजूने बघितलं तरी गेरू तुटत नाही. आठ महिन्यांनंतर कोपऱ्यांवर किंचित फिकं झालंय, एवढंच. नवऱ्याचा फोन रोज स्कूटरच्या होल्डरवर उन्हात असतो, म्हणून त्याचं मुलीच्या कव्हरपेक्षा जास्त उतरलंय. शेजारी शेजारी ठेवल्यावर आता फरक कळतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आयफोन १२ आणि १३ यांची लांबी-रुंदी अगदी एक आहे, १४६.७ आणि ७१.५ मिलिमीटर. म्हणून पुष्कळ लोकांना वाटतं की कव्हरही एकच चालेल. पण १२ मध्ये दोन लेन्स एकाखाली एक आहेत, १३ मध्ये तिरप्या आहेत आणि कॅमेऱ्याचा चौकोनही मोठा झालाय. मुलीने गंमत म्हणून बाबाचं कव्हर आपल्या फोनला चढवून पाहिलं. चढलं, पण चौकोनाभोवती फट राहिली आणि आवाजाची बटणं कव्हरच्या बटणांशी जुळेनात. उलट केलं तेव्हा १३ चा कॅमेरा १२ च्या खाचेत बसलाच नाही. डिझाइन करणाऱ्याने दोन्हींसाठी चित्र वेगळं बसवलंय. तारप्याच्या भोवतीचा नाचणाऱ्यांचा वेटोळा चौकोनाच्या खाली सरकवलाय, वर नुसती झाडं आणि पक्षी. ही मेहनत मला फार आवडली.

आणि तीच मेहनत माझ्या कव्हरवर झालेली नव्हती.

ए५४ ला चौकोन नाही. तीन लेन्स सुट्या, उभ्या रांगेत आणि बाजूला छोटा फ्लॅश. त्यामुळे कव्हरला एक मोठी खिडकी न ठेवता सुटी भोकं ठेवली होती. दिसायला हे छान, कारण चित्र कमी कापलं जातं. पण आयफोनचं चित्र थोडं मोठं करून तसंच बसवलं होतं आणि सगळ्यात खालच्या लेन्सच्या भोकात नेमकं तारपा वाजवणाऱ्याचं डोकं गेलं. तारपा नाचात नाचणारे वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, सगळा फेर त्याच्याभोवती चालतो. त्यालाच डोकं नसेल तर चित्रात राहिलं काय?

दुसरी अडचण कळायला पंधरा दिवस लागले. एका गिऱ्हाईकाला जांभळ्या ब्लाउजच्या बाहीवरचं जरीकाम जवळून दाखवायचं होतं. संध्याकाळ होती, म्हणून फ्लॅश लावला. फोटोच्या एका बाजूला लालसर धुरकट पट्टा आला. आधी वाटलं लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असेल. पुसून पुन्हा काढला, पट्टा तिथेच. मग कव्हर काढलं, फोन त्याच जागी धरला आणि त्याच बाहीचा फोटो घेतला. जांभळा स्वच्छ जांभळा आला.

कारण नंतर कळलं. माझ्या मॉडेलला विकणाऱ्यांकडे कडक कव्हर नव्हतं, म्हणून पारदर्शक टीपीयूच्या मऊ कव्हरवर यूव्ही शाईने छापलं होतं. पारदर्शक रबरासारख्या या मालातून फ्लॅशचा प्रकाश आतल्या आत पसरतो, वरच्या गेरूच्या शाईवर आपटतो आणि लेन्सच्या काठाशी बाहेर पडतो. रंगही त्याचमुळे वेगळा दिसत होता. शाईखाली पांढरा थर दिलेला नव्हता, म्हणून माझ्या काळ्या फोनवर गेरू विटकरी-काळपट झाला होता. नाव संचाचं, पण माझं कव्हर त्या दोघांच्या शेजारी परकं वाटायचं.

भोकंही साधारण अर्धा मिलिमीटर खाली सरकलेली होती. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही. वाइड लेन्स लावून, ०.५ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. वरच्या कोपऱ्यात काळसर कमान आली तर भोकाची कड लेन्सच्या आड येतेय. वाइड लेन्स साधारण १२० अंशांपर्यंत बघते, म्हणजे मधल्या रेषेपासून एका बाजूला ६० अंश. म्हणून भोकाची भिंत लेन्सच्या वर १ मिलिमीटर उंच असेल तर ती लेन्सच्या कडेपासून पावणेदोन मिलिमीटर तरी लांब हवी. एवढ्या नाजूक हिशेबात अर्धा मिलिमीटर खूप होतो.

मी त्यांना तिन्ही फोटो पाठवले: कव्हरसह, कव्हरशिवाय आणि भिंतीचा. पहिलं उत्तर आलं, "ताई, फ्लॅश बंद ठेवून बघा." मी लिहिलं, "दादा, फ्लॅश बंद ठेवून जरीकाम दिसत नाही, म्हणून तर लावते." त्यावर फोन आला. बोलणारा मुलगा छपाई स्वतः करणारा होता. त्याने सांगितलं की कव्हर ठेवायचा साचा थोडा हलला होता, त्यामुळे त्या घाण्यातली सगळी छपाई एका बाजूला गेलीय. पण भोकं सरकण्याचं कारण वेगळं, ती कव्हरच्या मूळ साच्यातच तशी येतात. बारा दिवसांनी नवं कव्हर आलं, काळ्या टीपीयूवर, शाईखाली पांढरा थर देऊन. पट्टा गेला, कमान गेली, गेरू बाकीच्या दोघांच्या जवळ आला. तारपावाल्याला डोकं मिळालं, कारण वेटोळा आता खालच्या लेन्सच्याही खाली आहे.

हे दुसरं कव्हर मी साडेसहा महिने वापरतेय. यूव्ही शाई वर बसलेली असते, नखाला उठाव लागतो आणि मऊ कव्हर काढताना वाकलं की तिथे बारीक भेगा पडतात. माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर दोन नाचणाऱ्यांचे पाय गेलेत. म्हणून आता पुसायला काढते तेव्हा चार्जिंगच्या बाजूने न ओढता वरून, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यापासून सोडवते. सुट्या भोकांत शिलाईच्या दोऱ्यांचे तंतू अडकतात, आठवड्यातून एकदा कानाच्या कापसाच्या काडीने काढावे लागतात. लेन्सभोवतीचा ओठ पुरेसा उंच आहे. फोन टेबलावर उताणा ठेवून लेन्सखालून पोस्टकार्ड सरकवलं तर ते अडत नाही.

आता आईलाही याच संचातलं हवंय. तिचा फोन साधा, त्यात लेन्स गोल चकतीत आहेत. मागवण्याआधी त्या मुलाला विचारलंय: कव्हर कडक की मऊ, मऊ असेल तर काळं की पारदर्शक, आणि भोकांसकट चित्र कुठे बसतंय त्याचा फोटो. फोटो आलाय. चकती बरोबर वरच्या झाडात बसलीय, तारपावाला पूर्ण दिसतोय. उद्या पैसे पाठवते.