ऑलवेज, ओन्ली, इनफ: चार पर्यायांतून योग्य क्रम कसा निवडावा

इंग्रजी वाक्य चार वेगवेगळ्या क्रमांनी लिहून दिलेलं असतं आणि त्यातला योग्य क्रम निवडायचा असतो. अशा प्रश्नात बरेच जण वाक्य मनात म्हणून बघतात आणि कानाला बरं वाटेल त्यावर खूण करतात. ऑलवेज, ओन्ली आणि इनफ या तिघांच्या बाबतीत हा उपाय फसतो, कारण ती तिन्ही बहुधा क्रियाविशेषणं म्हणून येत असली तरी त्यांची जागा तीन वेगळ्या गोष्टींवर ठरते. इनफ शेजारच्या शब्दाची जात बघतो. ऑलवेज क्रियापदाची रचना बघतो. ओन्लीची जागा मात्र सांगायच्या अर्थावर ठरते. म्हणून पर्याय तपासताना इनफपासून सुरुवात करावी, कारण तिथे चूक-बरोबर एका नजरेत कळतं. ओन्ली शेवटी घ्यावा.

इनफचा नियम असा: शेजारी विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर इनफ त्याच्या मागून येतो, नाम असेल तर त्याच्या आधी.

चूक: द रूम इज इनफ बिग.
बरोबर: द रूम इज बिग इनफ.

बरोबर: वी हॅव इनफ टाइम.
जुन्या वळणाचं: वी हॅव टाइम इनफ.

आपण ‘पुरेशी मोठी’ म्हणतो आणि ‘पुरेसा वेळ’ही म्हणतो, दोन्हीकडे ‘पुरेसा’ आधीच. त्यामुळे पहिल्या जोडीत हात आपोआप चुकीच्या पर्यायाकडे जातो. ‘टाइम इनफ’ कधीमधी वाचायला मिळतं, पण परीक्षेत ‘इनफ टाइम’ समोर असताना ते निवडू नये.

खरी गंमत विशेषण आणि नाम दोन्ही असतात तिथे आहे. ‘वी नीड बिग इनफ रूम्स’ आणि ‘वी नीड इनफ बिग रूम्स’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण पहिल्यात खोल्यांचा आकार पुरेसा हवा आहे आणि दुसऱ्यात मोठ्या खोल्यांची संख्या. पहिल्यात इनफ ‘बिग’ला चिकटला आहे, दुसऱ्यात ‘बिग रूम्स’ या अख्ख्या नामसमूहाला. प्रश्नात असे दोन पर्याय आले तर संदर्भ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकवचनात हा घोळ होत नाही: ‘अ बिग इनफ रूम’ चालतं, ‘ॲन इनफ बिग रूम’ चालत नाही.

इनफनंतर ‘टू’ येतो तेव्हा आणखी एक सापळा असतो. ‘द बॉक्स इज लाइट इनफ टू कॅरी’ बरोबर आहे. याच वाक्याच्या शेवटी ‘इट’ जोडलेला पर्याय चूक, कारण काय उचलायचं ते वाक्याच्या कर्त्यानेच सांगितलेलं आहे. मराठीत पेटी ‘तिला उचलण्याइतकी हलकी’ असं आपणही म्हणत नाही.

ऑलवेजसाठी आधी क्रियापद एकेरी आहे की त्याला सहायक क्रियापद जोडलेलं आहे, ते बघायचं. एकेरी असेल तर ऑलवेज त्याच्या आधी येतो: ‘शी ऑलवेज कम्स अर्ली’. ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ हे मुख्य क्रियापद असेल तर त्यांच्या नंतर: ‘शी इज ऑलवेज अर्ली’. सहायक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या नंतर, ती कितीही असोत: ‘शी हॅज ऑलवेज बीन अर्ली’. इथे ‘हॅज बीन ऑलवेज’ हा पर्याय हमखास ठेवलेला असतो. तो सोडून द्यावा. ‘ही ऑलवेज हॅज बीन’ असं जोर देताना किंवा वाक्य तिथेच तोडून उत्तर देताना लोक म्हणतात, पण पूर्ण साध्या वाक्यात पहिल्या सहायकानंतरचीच जागा घ्यावी.

‘हॅव टू’मधलं हॅव फसवतं. ते सहायकासारखं दिसतं, पण प्रश्न करताना त्याला ‘डू’ लागतो, म्हणजे ते मुख्य क्रियापदासारखं वागतं. म्हणून ‘आय ऑलवेज हॅव टू वेट’ बरोबर आणि ‘आय हॅव ऑलवेज टू वेट’ आजच्या इंग्रजीत विचित्र वाटतं. आज्ञार्थी वाक्यात तर ‘बी’च्याही आधी ऑलवेज येतो: ‘ऑलवेज बी केअरफुल’.

आता दोन्ही नियम एकत्र लागणारा प्रश्न घेऊ. ‘तो दर वेळी जिंकण्याइतका वेगात धावतोच असं नाही’ हे सांगायचं आहे.

(१) ही ऑलवेज डझन्ट रन फास्ट इनफ टू विन.
(२) ही डझन्ट ऑलवेज रन इनफ फास्ट टू विन.
(३) ही डझन्ट ऑलवेज रन फास्ट इनफ टू विन.
(४) ही डझन्ट रन ऑलवेज फास्ट इनफ टू विन.

‘फास्ट’ इथे क्रियाविशेषण आहे, तेव्हा इनफ त्याच्या नंतर हवा. दुसरा पर्याय गेला. चौथ्यात ऑलवेज मुख्य क्रियापदाच्या नंतर गेला आहे, तोही पर्याय गेला. पहिल्यात तो ‘डझन्ट’च्या आधी बसल्याने क्रम अवघड झाला आहे आणि अर्थही ‘कधीच धावत नाही’कडे झुकतो. तिसरा राहतो.

ओन्लीचं गणित वेगळं. इथे तीन पर्याय एकाच वेळी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असू शकतात:

ओन्ली मीना ओपन्ड द लेटर. (मीनानेच उघडलं, इतर कुणी नाही.)
मीना ओन्ली ओपन्ड द लेटर. (नुसतं उघडलं, वाचलं नाही.)
मीना ओपन्ड ओन्ली द लेटर. (पत्रच उघडलं, सोबतचं पार्सल नाही.)

मराठीत ‘च’ ज्या शब्दाला लागेल त्याच्या लगेच आधी इंग्रजीत ओन्ली ठेवला की लेखनात गफलत होत नाही. बोलताना मात्र इंग्रजी भाषक मधलं वाक्य तिसऱ्या अर्थानेही सर्रास वापरतात आणि ‘लेटर’वर जोर देऊन अर्थ स्पष्ट करतात. त्यामुळे मधल्या वाक्याला चूक म्हणता येत नाही, ते फक्त संदिग्ध आहे. लेखी प्रश्नात आवाजाचा जोर ऐकू येत नाही, तेव्हा संदिग्ध पर्यायापेक्षा नेमका पर्याय घ्यावा. ‘मीना ओपन्ड दी ओन्ली लेटर’ हे आणखी वेगळं: तिथे ओन्ली विशेषण आहे आणि मुळात पत्रच एक होतं.

ओन्ली वाक्याच्या सुरुवातीला आला की त्याच्या पुढे काय आहे ते आधी बघावं. कर्ता असेल तर क्रम सरळच राहतो: ‘ओन्ली मीना न्यू दी आन्सर’. वेळ किंवा अट सांगणारा भाग असेल तर मुख्य वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’. ‘ओन्ली देन आय अंडरस्टुड’ कानाला बरोबर वाटतं, पण प्रमाण इंग्रजीत चूक धरतात. ‘डिड’ आल्यावर पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं, म्हणून ‘डिड आय अंडरस्टुड’ही बाद. आणि वाक्य दोन तुकड्यांचं असेल तर उलटापालट दुसऱ्या तुकड्यात होते: ‘ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड वी स्टार्ट’ बरोबर, ‘ओन्ली आफ्टर डिड ही लीव्ह वी स्टार्टेड’ चूक. दोन्ही पर्यायांत ‘डिड’ दिसतो म्हणून गडबडून जाऊ नये. तो ‘वी’च्या लगेच आधी आहे का, एवढंच तपासावं.