हॉटेलचं दूध घ्यायचं की श्रीखंड वाढवायचं? सेल्स मिक्स बदलला की ब्रेक-इव्हन कुठं सरकतो

डेअरीच्या दुकानवाल्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. जवळचं हॉटेल म्हणतं रोज शंभर लिटर दूध टाका, आणि त्याच वेळी डोक्यात असतं की अजून एक डीप फ्रीज घेऊन श्रीखंड वाढवावं. दोन्ही एकदम जमत नाही, कारण पैसा आणि माणसं मोजकीच असतात. मग बरेच जण काय करतात, तर कुठं गल्ला जास्त येईल ते बघतात आणि दूध घेऊन मोकळे होतात, आणि थोडा हिशोब येणारे म्हणतात श्रीखंडात मार्जिन जास्त, मग श्रीखंडच. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत, म्हणून एकच दुकान धरून दोन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडतो. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत, तुम्ही तुमचे टाका. विक्री सगळीकडे जीएसटी वगळून धरलीय.

दुकानात तीन माल. दूध लिटरला ६० ला विकतो, पडतं ५४ ला, म्हणजे सुटतात ६ रुपये, १० टक्के. पनीर किलोला ४००, पडतं ३००, सुटतात १००, म्हणजे २५ टक्के. श्रीखंड किलोला ३००, पडतं १८०, सुटतात १२०, म्हणजे ४० टक्के. हे जे सुटतं ते कॉन्ट्रिब्युशन, नफा नव्हे, कारण यातून अजून भाडं, पगार, लाईट बिल जायचंय. महिन्याचं भाडं २५,०००, दोन पोरांचे पगार ३०,०००, लाईट १२,०००, किरकोळ ५,०००, असा फिक्स खर्च ७२,०००.

महिन्याला खपतं ४,००० लिटर दूध, ३०० किलो पनीर, ३०० किलो श्रीखंड. विक्री अनुक्रमे २,४०,०००, १,२०,००० आणि ९०,०००, एकूण साडेचार लाख. कॉन्ट्रिब्युशन २४,००० अधिक ३०,००० अधिक ३६,०००, म्हणजे ९०,०००. साडेचार लाखावर ९०,००० म्हणजे सगळ्या दुकानाचं मिळून २० टक्के. ७२,००० ला २० टक्क्यांनी भागलं की ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल एवढी विक्री, ३,६०,०००. नफा १८,०००.

इथं थोडं थांबतो, कारण पुढचा सगळा घोळ याच २० टक्क्यांत असतो. कोणी तिन्ही टक्क्यांची साधी सरासरी काढतं, १०, २५, ४० ची सरासरी २५, आणि ब्रेक-इव्हन २,८८,००० धरून निवांत बसतं. कोणी नगाच्या प्रमाणात सरासरी काढतं, म्हणजे ४,००० लिटर, ३०० किलो, ३०० किलो या वजनांनी टक्के जोडतं, तर साधारण १२.९ टक्के येतात आणि ब्रेक-इव्हन साडेपाच लाखाच्या वर जातो, म्हणजे चांगलं चाललेलं दुकान कागदावर तोट्यात. नियम एवढाच की टक्के जोडायचे तर विक्रीच्या रुपयांच्या प्रमाणात जोडा, आणि नगाच्या प्रमाणात जोडायचं असेल तर टक्के न घेता नगामागे सुटणारे रुपये घ्या. पडताळा करून बघा: ४० लिटर दूध, ३ किलो पनीर, ३ किलो श्रीखंड असा एक जुडगा धरा, त्यातून २४० अधिक ३०० अधिक ३६० असे ९०० सुटतात, ७२,००० भागिले ९०० म्हणजे ८० जुडगे, आणि एका जुडग्याची विक्री ४,५०० म्हणजे पुन्हा ३,६०,०००. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी आले नाहीत तर कुठंतरी वजनं चुकलीत समजा.

आता मिक्स, म्हणजे एकूण विक्रीत कोणत्या मालाचा किती वाटा ते प्रमाण, हललं की काय होतं ते बघा. पावसाळ्यातला एखादा थंड महिना घ्या, चहाला दूध जास्त जातं, श्रीखंडाला गिऱ्हाईक नाही. दूध ५,००० लिटर, पनीर २२५ किलो, श्रीखंड २०० किलो. विक्री ३,००,००० अधिक ९०,००० अधिक ६०,०००, म्हणजे तीच साडेचार लाख, एक रुपया कमी नाही. पण कॉन्ट्रिब्युशन ३०,००० अधिक २२,५०० अधिक २४,०००, म्हणजे ७६,५००, टक्का १७ वर आला, ब्रेक-इव्हन ४ लाख २३ हजारांच्या वर गेला आणि नफा उरला फक्त ४,५००. गल्ला तेवढाच, भाव तेच, भाडं तेच, तरी १८,००० चे ४,५०० झाले. गल्ला बघून चालणाऱ्या दुकानदाराला हे महिनाअखेरीला कळतं, तेही पैसे कुठं गेले म्हणून शोधताना.

आता दोन पर्याय. हॉटेलला महिन्याला ३,००० लिटर दूध, त्यासाठी एक डिलिव्हरीचा मुलगा आणि पेट्रोल मिळून ९,००० चा जादा खर्च. दुसरीकडं महिन्याला १५० किलो जादा श्रीखंड, त्यासाठी डीप फ्रीजचा हप्ता आणि लाईट मिळून तेवढाच ९,००० चा खर्च. मुद्दाम असे आकडे घेतलेत की दोन्हीकडून जादा कॉन्ट्रिब्युशन सारखंच, १८,००० यावं.

| | सध्या | हॉटेलचं दूध | जादा श्रीखंड |
|---|---|---|---|
| विक्री | ४,५०,००० | ६,३०,००० | ४,९५,००० |
| कॉन्ट्रिब्युशन | ९०,००० | १,०८,००० | १,०८,००० |
| एकूण टक्का | २० | १७.१ | २१.८ |
| फिक्स खर्च | ७२,००० | ८१,००० | ८१,००० |
| ब्रेक-इव्हन | ३,६०,००० | ४,७२,५०० | ३,७१,२५० |
| नफा | १८,००० | २७,००० | २७,००० |

हा तक्ता बघून पटकन कोणीही म्हणेल श्रीखंड भारी, ब्रेक-इव्हन लाखभर खाली आहे की. पण जरा बघा, दुधाच्या पर्यायात विक्रीपण जास्त आहे, आणि ब्रेक-इव्हनच्या वरचा भाग दोन्हीकडं विक्रीच्या बरोब्बर २५ टक्के आहे. हा काही योगायोग नाही, नफा भागिले कॉन्ट्रिब्युशन केलं की तोच टक्का येतो, आणि दोन्हीकडं २७,००० भागिले १,०८,००० आहे. म्हणजे ब्रेक-इव्हनचा आकडा वर गेला म्हणून पर्याय वाईट असं नाही, एकूण टक्का १७ वर आला म्हणूनही नाही. टक्का खाली आला तो वरती जादा दूध आलं म्हणून, आधीचं पनीर-श्रीखंड कमी झालं म्हणून नाही. पावसाळ्याच्या महिन्यात टक्का घसरला तेव्हा जास्त टक्क्याच्या भारी मालाची जागा कमी टक्क्याच्या हलक्या मालानं घेतली होती. दोन्हीकडं १७ च्या आसपासचा टक्का, पण एकीकडं नफा वाढला आणि एकीकडं बुडाला. टक्का खाली आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हलका माल जादा आला की भारी माल कमी झाला?

मग ठरवायचं कशावर? माझं मत, एकूण ब्रेक-इव्हन बाजूला ठेवा आणि जादा खर्चाचा वेगळा ब्रेक-इव्हन काढा. हॉटेलसाठी ९,००० भागिले ६, म्हणजे महिन्याला १,५०० लिटर, रोजचे ५० लिटर. श्रीखंडासाठी ९,००० भागिले १२०, म्हणजे ७५ किलो, रोजचे अडीच किलो. हे तुमच्या मनाला तपासता येतं. हॉटेल रोज पन्नास लिटर नक्की उचलेल का? तुमच्या गल्लीत रोज अडीच किलो श्रीखंड *जादा* खपेल का, आणि गुढीपाडवा-दसऱ्याला नाही, वर्षभराच्या सरासरीनं? फ्रीजचा हप्ता सणाचा महिना आणि कोरडा महिना असा फरक करत नाही.

आता धक्के देऊन बघू. श्रीखंडाची मागणी तिसऱ्या हिश्शानं पडली तर श्रीखंडाच्या पर्यायात ४५० किलोतले १५० गेले, १८,००० चं कॉन्ट्रिब्युशन गेलं, नफा ९,०००. दुधाच्या पर्यायात ३०० मधले १०० गेले, १२,००० गेले, नफा १५,०००. इथं दूध सरस. आता दूध कंपनीनं लिटरमागं कमिशन एक रुपयानं कापलं तर दुधाच्या पर्यायात ७,००० लिटरवर ७,००० गेले, श्रीखंडाच्या पर्यायात ४,००० लिटरवर ४,०००. इथं श्रीखंड सरस.

हॉटेलवाला भावात घासाघीस करणार हे धरूनच चला. त्यानं लिटरला दोन रुपये कमी करायला लावले तर सुटतात ४ रुपये, ३,००० लिटरचे १२,०००, त्यातून ९,००० गेले की उरले ३,०००. ५७ ला दिलं तर शून्य, त्याखाली गेलं की तुम्ही पहाटे उठून हॉटेलवाल्यासाठी पदरमोड करताय. पण श्रीखंडवाल्यांनी पण ऐका, खप वाढावा म्हणून किलोला ३० रुपये सूट लावली तर ती फक्त नव्या १५० किलोला लागत नाही, सगळ्या ४५० किलोला लागते, म्हणजे १३,५०० गेले आणि नफा १३,५०० वर आला, आजच्या १८,००० पेक्षाही कमी. हॉटेलला दिलेली सूट हॉटेलपुरती राहते, काउंटरवर लावलेली सूट जुन्या गिऱ्हाईकालाही द्यावी लागते.

नासाडीचंही तसंच. १०० किलो श्रीखंड आणून ९५ च खपलं तर विकलेल्या किलोची किंमत १८० नसून साधारण १८९.५ पडते, आणि ४५० किलोवर सव्वाचार हजार रुपये गायब होतात. टक्का ४० दिसत असतो, असतो ३७ च्या आत. तारीख उलटलेले डबे लिहून ठेवत नसाल तर तुमचा टक्का तुम्हाला माहीतच नाही असं समजा.

आणि एक गोष्ट जी या तक्त्यात कुठंच दिसत नाही, ती उधारी. ३,००० लिटर ५४ नं म्हणजे १,६२,००० रुपये. हॉटेल महिन्यानं पैसे देणार असेल आणि तुम्हाला दुधाचे पैसे रोज किंवा आगाऊ भरावे लागत असतील, तर हे दीड लाखाच्या वरचे पैसे कायम बाहेर अडकलेले राहणार. महिन्याला ९,००० जादा मिळावेत म्हणून एवढी रक्कम गुंतवायची आणि हॉटेल बंद पडलं तर ती बुडायची जोखीम घ्यायची, मला हे पटत नाही.

म्हणून माझा कौल असा. हॉटेल ६० चा भाव मान्य करत असेल आणि दर आठवड्याला पैसे मोकळे करत असेल तर दूध घ्या, कारण नाही जमलं तर डिलिव्हरी महिन्याभरात बंद करता येते, फ्रीजचा हप्ता बंद करता येत नाही. भाव ५८ च्या खाली मागत असेल किंवा महिन्याची उधारी असेल तर सरळ नाही म्हणा. श्रीखंडाकडं जायचं तर फ्रीज घेण्याआधी आहे त्याच फ्रीजमध्ये पनीरची जागा न खाता दोन-तीन कोरडे महिने वेगळे फ्लेवर, अर्धा किलोचे डबे ठेवून बघा, रोज अडीच किलो सूट न लावता जादा गेलं तर मोठा फ्रीज घ्यायचा विचार करायला हरकत नाही. नुसती सणाची विक्री बघून फ्रीज घेऊ नका, तेवढ्या आठवड्यापुरता भाड्यानं मिळतो.

दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी महिन्याला चारच आकडे लिहा, प्रत्येक मालाचे सुटलेले रुपये, आणि त्यांची बेरीज भागिले एकूण विक्री. टक्का २० वरून १८ वर आला तर कोणत्या मालाचे रुपये कमी झाले ते त्याच ओळीत दिसतं. दुधाचे वाढले आणि बाकीचे जागच्या जागी आहेत, तर काळजी नाही. पनीर-श्रीखंडाचे रुपये खाली आलेत तर त्याच आठवड्यात काउंटरवर उभं राहून बघा गिऱ्हाईक काय मागतंय आणि काय न घेता जातंय.