पर्यायी मजकूर की चित्रओळ?

नागपुरातील एखाद्या कृषी सल्लागाराने लिंक्डइनच्या ‘फीचर्ड’ विभागात कळमना बाजारातील संत्र्यांच्या आवकेचा आलेख ठेवला, तर पर्यायी मजकूर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी असतो आणि चित्राखालची चित्रओळ सर्वांना दिसते. म्हणून पहिल्यात ‘मासिक आवकेचा स्तंभालेख, नोव्हेंबरचा स्तंभ सर्वांत उंच’ असे लिहावे, ‘चित्र’ हा शब्द नको, कारण स्क्रीन रीडर तो स्वतःच उच्चारतो. चित्रओळीत मात्र आकडे कुठून घेतले आणि सल्लागाराचे काम कोणते, हे यावे. दोन्हीकडे तेच वाक्य लिहिल्यास ऐकणाऱ्याला ते दोनदा ऐकावे लागते. आलेखाऐवजी स्कॅन केलेली पीडीएफ ठेवली आणि तिच्यातील अक्षरे निवडता येत नसतील, तर मात्र आधी ओसीआर करणे, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे, माझ्या मते अनिवार्य आहे. चांगली चित्रओळही ती उणीव भरून काढत नाही.